भाचीचं लग्न, मामाचा व्हिसा आणि चार मे

«माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला एच-१बी व्हिसावर एका कन्सल्टन्सीत सॉफ्टवेअरचं काम करतो. फेब्रुवारी अखेरीस प्रोजेक्ट संपला. १३ मार्चपर्यंतचा पगार मिळाला. तेव्हापासून कंपनी म्हणते, तू कामावरच आहेस, पण प्रोजेक्ट मिळेपर्यंत पगार नाही. डलासच्या दुसऱ्या कंपनीची ऑफर आलीय, पण जुनी कंपनी सोडपत्र देईना. इकडं माझ्या लेकीचं लग्न ६ मेला आहे, आणि पुढे अधिक ज्येष्ठ लागतो म्हणून तारीख हलवता येत नाही. घरात सगळे म्हणतात, दोन नोकऱ्यांच्या मधे महिनाभर गावाकडं येऊन जा, मामाशिवाय पोरीला बोहल्यावर कशी चढवायची? नोकरी बदलताना नेमकं किती दिवस मोकळं राहता येतं? – एक बहीण, परभणी»

ताई, आधी अवघड गोष्ट सांगतो. भाऊ लग्नाला येऊ शकणार नाही, आणि तुम्ही कुणी त्याला तसा आग्रहही करू नका. तो न आल्याने एक दिवस हुकेल. तो आला, तर परत जाणंच हुकण्याची शक्यता मोठी आहे. असं का म्हणतो, ते पुढे सविस्तर सांगतो.

तुमचं पत्र आल्यावर मी भावाशी फोनवर बोललो आणि त्याच्याकडून कागद मागवून घेतले. तुमच्या दोघांच्या परवानगीनेच त्याच्या तारखा इथे देतो आहे. नियम नुसते सांगितले तर डोक्यावरून जातात, तारखा समोर असल्या की कळतात.

पहिला गैरसमज सोडपत्राचा. आपल्याकडे नांदेडपासून बीडपर्यंत कितीतरी घरांतली माणसं आखातात जाऊन आली. तिथे कफिलाची पद्धत, मालकाचं ना-हरकत पत्र, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, या गोष्टी घराघरात ऐकलेल्या. त्यामुळे परदेशात नोकरी बदलायची म्हणजे जुन्या मालकाने सोडलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत एच-१बीला ते लागत नाही. लोक ‘व्हिसा ट्रान्सफर’ म्हणतात खरं, पण जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे काहीच जात नाही. नवी कंपनी स्वतःच्या नावाने सरकारकडे नवा अर्ज करते, त्याला आय-१२९ म्हणतात. जुनी कंपनी त्यात सही करत नाही आणि तिला विचारलंही जात नाही. एच-१बीच्या मोजक्या जागांसाठी सरकार जी लॉटरी काढतं, तीत भावाचं नाव एकदा निघालेलं आहे, त्यामुळे नव्या अर्जाला लॉटरी पुन्हा लागत नाही.

आणि तुमच्या भावाच्या सगळ्यात कामाचा नियम असा आहे: २००० साली अमेरिकेने केलेल्या कायद्यानुसार नव्या कंपनीचा अर्ज सरकारदरबारी दाखल झाला की त्या दिवसापासून माणूस नव्या कंपनीत काम सुरू करू शकतो. मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मात्र अटी आहेत. तो अमेरिकेत कायदेशीर आलेला असावा, त्याच्या मुक्कामाची मुदत संपण्याआधी अर्ज दाखल झालेला असावा आणि मधल्या काळात त्याने परवानगीशिवाय कुठेही काम केलेलं नसावं. या शेवटच्या अटीत ओळखीच्या माणसाचं वरकामही येतं आणि नव्या कंपनीने ‘जरा ट्रेनिंग सुरू करून टाक’ म्हणून घरून करायला दिलेलं कामही येतं. मुलाखती द्याव्यात, ऑफरवर सही करावी, पण लॅपटॉप उघडून कामाला बसू नये. एवढ्याशा कारणाने सगळा अर्ज अडचणीत येऊ शकतो.

आता मोकळ्या दिवसांचं. नियम साठ दिवसांचा आहे. हा नियम १७ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. त्याआधी असं काही नव्हतं. २००९ च्या मंदीत माझी नोकरी गेली, तेव्हा नोकरीचा शेवटचा दिवस तोच कायदेशीर मुक्कामाचाही शेवटचा दिवस मानला जायचा. मी सामान विकून अंबाजोगाईला परत आलो, ते कायमचा. म्हणून आज कुणी ‘साठ दिवस फार कमी’ म्हणालं की मला ते साठ दिवस सोन्यासारखे वाटतात. पण ते मोजायचे कसे, यात बहुतेकांची चूक होते. तुमच्या घरातही ती होऊ घातली होती.

भावाचा हिशेब असा होता: कंपनीने मला काढलेलं नाही, मी अजून तिच्या पटावर आहे, म्हणजे माझे साठ दिवस सुरूच झाले नाहीत. हा हिशेब धोक्याचा आहे. सरकार साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार दिला गेला, तो दिवस नोकरीचा शेवटचा दिवस धरतं. राजीनाम्याची तारीख, पत्राची तारीख, पटावरचं नाव यांना त्यापुढे फारसं वजन नाही. पुढे पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या जातील आणि १३ मार्चनंतरची चिठ्ठी त्याच्याकडे नाही. म्हणून मोजणी १४ मार्चपासून करायची. मार्चचे अठरा दिवस, एप्रिलचे तीस, असे अठ्ठेचाळीस झाले. उरलेले बारा मे महिन्यातले. साठावा दिवस १२ मे. शनिवार-रविवार, सुट्ट्या, सगळे यात मोजले जातात.

हे दिवस सलग असतात, तुकड्यांनी वापरता येत नाहीत, आणि एका मंजूर मुदतीत एकदाच मिळतात. शिवाय ते हक्काचे नाहीत. अधिकाऱ्याच्या विवेकावर आहेत, तो कमीही करू शकतो. म्हणून साठाव्या दिवसाचा भरवसा धरून कुणी चालू नये.

बिनपगारी ठेवण्याबद्दल एक स्वतंत्र गोष्ट सांगायला हवी, कारण यात चूक भावाची नाही. एच-१बीवर आणलेल्या माणसाला प्रोजेक्ट नाही म्हणून बिनपगारी बसवता येत नाही. काम नसलं तरी ठरलेला पगार द्यावा लागतो. त्यातून मोकळं व्हायचं असेल तर कंपनीने रीतसर काढलं पाहिजे, सरकारला तसं कळवलं पाहिजे आणि माणसाला मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देऊ केला पाहिजे. तुमच्या भावाच्या कंपनीने यातलं काहीच केलेलं नाही. त्यामुळे ‘पगार नाही’ असं सांगणाऱ्या ईमेल त्याने जपून ठेवाव्यात. अमेरिकेच्या श्रम खात्याकडे डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर बारा महिन्यांच्या आत तक्रार करता येते. आधी नवा अर्ज मार्गी लावावा, मग निवांत बसून ती करावी. पण करावी. बुडालेला पगार त्याचा आहे. आणि नव्या अर्जाची पोच हाती येईपर्यंत त्याने स्वतःहून राजीनामा देऊ नये. राजीनाम्याने साठ दिवसांत एकाही दिवसाची भर पडत नाही, उलट प्रवासखर्चाचा हक्क मात्र जातो.

मोजणी इथेच संपली असती तर १२ मे धरून चालता आलं असतं. पण भावाचे कागद पाहताना मला आय-९४ दिसला आणि मी त्याला लगेच परत फोन लावला.

आय-९४ म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा दारातून आत येण्याचा परवाना असतो. आत आल्यावर किती दिवस राहायचं, ते आय-९४ ठरवतं. कंपनीच्या अर्जाची मंजुरी सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, हे तुमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो तुमच्याकडे येऊन परत गेला, तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्याचा पासपोर्ट पाहिला. तो पासपोर्ट ४ मे २०२६ ला संपत होता. नियमाप्रमाणे पासपोर्ट संपतो त्यापुढची मुदत दिली जात नाही, म्हणून आय-९४ वर ४ मे अशी तारीख पडली. पुढे त्याने वकिलातीतून पासपोर्ट नवा करून घेतला आणि विषय संपला असं त्याला वाटलं. पण पासपोर्ट नवा झाला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. ती जुनी तारीख तशीच बसून राहते.

साठ दिवसांच्या नियमात हीच मेख आहे. साठ दिवस किंवा आय-९४ ची तारीख, यांपैकी जे आधी येईल ते खरं. म्हणजे तुमच्या भावाचा शेवटचा दिवस १२ मे नाही, ४ मे आहे. आठ दिवस एका नोंदीने खाल्ले, आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्या सगळ्यांना माझी विनंती आहे, त्यांना आजच i94.cbp.dhs.gov वर जाऊन आपली नोंद काढायला सांगा, आणि पासपोर्टची तारीख शेजारी ठेवून पाहायला सांगा. परदेशवारीहून परतल्यावर ती नोंद बदललेली असते, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने पाहावी लागते.

आता ४ मे धरून मागे मोजू. नव्या कंपनीचा अर्ज थेट दाखल होत नाही. त्याआधी श्रम खात्याकडून एलसीए नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यात कामाचं ठिकाण आणि पगार नोंदवलेला असतो. त्याला कामाचे सात दिवस लागतात. डलासच्या कंपनीने ते सोमवारी, १३ एप्रिलला मागितलं, तर २२ एप्रिलच्या आसपास हातात येईल. मग वकील आय-१२९ चा गठ्ठा बांधून कुरिअर करतात. तो २४ एप्रिलला, शुक्रवारी पोचला, असं धरू. इथे लक्षात ठेवायचं ते हे की अर्ज पाठवल्याची तारीख धरत नाहीत, सरकारी कार्यालयात मिळाल्याची तारीख धरतात.

२४ एप्रिल ते ४ मे, हाती दहा दिवस राहिले. हे दहा दिवस आरामाचे नाहीत. अर्जात सही राहिली, फीचा आकडा चुकला, जुनाच फॉर्म वापरला गेला, पत्ता दुसऱ्याच केंद्राचा लिहिला गेला, तर गठ्ठा तसाच परत येतो आणि दाखल झालाच नव्हता असं मानलं जातं. परत आलेला गठ्ठा दुरुस्त करून पुन्हा पाठवायला ते दहा दिवस लागतात. म्हणून कंपनीचे लोक ‘मेच्या पहिल्या आठवड्यात टाकू, काही होत नाही’ असं म्हणाले तर त्याने ऐकू नये. १३ एप्रिलला एलसीए मागितलाच पाहिजे, असा धोशा लावावा. यात भीड ठेवून चालणार नाही. नव्या साहेबाला थोडा घायकुता वाटला तरी चालेल.

अर्जासोबत प्रीमियम प्रोसेसिंगची जादा फी भरली की कामाच्या पंधरा दिवसांत उत्तर येतं. २४ एप्रिलपासून मोजले तर ते १५ मेपर्यंत येईल. उत्तर म्हणजे मंजुरीच असं मात्र नाही. अधिकारी आणखी पुरावे मागू शकतो, आणि मग पुरावे पोचल्यापासून पंधरा दिवस नव्याने सुरू होतात. पण अर्ज दाखल झाल्याची पोच आली की तो डलासला कामावर रुजू होऊ शकतो. मी त्याला लगेच रुजू व्हायला सांगितलं आहे. दुसऱ्या कुणाची जुनी नोकरी शाबूत असती तर मी म्हणालो असतो, मंजुरी येईपर्यंत जुन्या जागी बसून राहा, नव्या अर्जाला नकार आला तर पायाखाली जमीन तरी राहते. तुमच्या भावाला तशी जमीन नाही. त्याच्यासाठी बिनपगारी बसण्यात काहीच फायदा नाही.

कागद साधे आहेत. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला म्हणजे डब्ल्यू-२, जुनी मंजुरी, आय-९४, दोन्ही पासपोर्ट, डिग्री आणि गुणपत्रिका. १३ मार्चनंतरची पोकळी लपवायची नाही. वकिलाने अर्जासोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावं की पगार या तारखेला थांबला, त्यानंतर काम केलेलं नाही, आणि मधले दिवस साठ दिवसांच्या सवलतीत धरावेत.

हे एवढं बजावून सांगतो, कारण फोनवर भाऊ मला म्हणाला, जुन्या कंपनीतला एक माणूस ‘पेरोल चालवून देतो’ म्हणतोय. हा धंदा तिकडे चालतो. मुलाने स्वतःचेच पैसे कंपनीला द्यायचे, कंपनीने त्यातून कर कापून मार्च-एप्रिलची पगाराची चिठ्ठी काढून द्यायची, म्हणजे कागदावर पोकळी दिसत नाही. ही सरळ फसवणूक आहे. चाळीसेक दिवसांची खरी पोकळी सरकार सवलतीत बसवून घेऊ शकतं. खोटी चिठ्ठी पकडली गेली तर अमेरिकेचे दरवाजे जन्मभरासाठी बंद होऊ शकतात. त्या माणसाचा फोन उचलू नकोस, असं मी त्याला सांगितलं. तुम्हीही सांगा. तुमचं तो जास्त ऐकेल.

आता लग्नाकडे येतो.

भावाच्या पासपोर्टवरचा व्हिसा २०२४ च्या सप्टेंबरातच संपला आहे. आत असताना त्याचं काही बिघडत नाही, कारण आत राहणं आय-९४ वर चालतं. पण एकदा देशाबाहेर पडला की परत जायला नवा व्हिसा लागतो. त्यासाठी भारतातल्या वकिलातीत मुलाखत. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांचे समाजमाध्यमांवरचे खातेही तपासले जातात. त्या कारणाने भारतातल्या कितीतरी लोकांच्या ठरलेल्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीवर आलेली मुलं इकडेच अडकली. आणि मुलाखतीला नेणार कुठला कागद? जुन्या कंपनीचा पगार थांबलेला, नव्या कंपनीची मंजुरी आलेली नाही.

याहून मोठं कारण पैशाचं आहे. २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने एच-१बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. तिची मूळ मुदत बारा महिन्यांची आहे. माणूस अमेरिकेबाहेर आहे आणि त्याच्याकडे चालू व्हिसा नाही, अशा माणसासाठी केलेल्या अर्जाला ती रक्कम लागते. माणूस आत आहे आणि तिथेच राहून त्याची मुदत वाढवून मिळते, तर लागत नाही. आता भाऊ दोन नोकऱ्यांच्या मधे परभणीला आला असं समजा. तो बाहेर आहे, चालू व्हिसा नाही. डलासच्या कंपनीला त्याच्यासाठी एक लाख डॉलर मोजावे लागतील, म्हणजे जवळपास कोटभर रुपये. कुठली कंपनी मोजेल? ती दुसरा माणूस पाहील. आज डलासची कंपनी त्याला घ्यायला तयार आहे, त्यात तो अमेरिकेत हजर आहे हा मोठा भाग आहे.

अर्ज दाखल करून मग ६ मेला धावत यायचं, हाही विचार घरात कुणी काढेल. तोही नको. अर्ज प्रलंबित असताना तो बाहेर पडला, तर आतल्या आत मुदत वाढवण्याची मागणी अडचणीत येते, आणि पुन्हा तीच एक लाखाची अट समोर उभी राहू शकते.

मंजुरी येईल तेव्हा एक अक्षर पाहायचं आहे. मंजुरीचा कागद आय-७९७ए असेल तर त्याच्या तळाशी नवा आय-९४ जोडलेला असतो, म्हणजे मुदत तिथल्या तिथे वाढली आणि ४ मेची ती जुनी तारीखही निघून गेली. आय-७९७बी आला तर अर्ज मंजूर, पण मुदतवाढ नाही, बाहेर जाऊन नव्याने आत या, असा त्याचा अर्थ. ४ मे चुकला, तर हाच बी येण्याची भीती. लोक ‘मंजूर झालं’ एवढंच वाचून पेढे वाटतात. भावाला ते अक्षर पाहून मग तुम्हाला फोन करायला सांगितलं आहे.

डलासच्या कंपनीने ऐनवेळी हात वर केले तर? ४ मेच्या आत तो आय-५३९ अर्ज करून पर्यटक म्हणून राहण्याची परवानगी मागू शकतो. त्याचा निर्णय येईपर्यंत तिथे थांबता येतं, पण काम करता येत नाही. त्यानंतर आलेल्या एच-१बीच्या अर्जाला त्या मधल्या अर्जाचा आधार घ्यावा लागतो आणि गुंता वाढतो. म्हणून हा मार्ग त्याने स्वतःच्या हाताने न भरता वकिलाला विचारून घ्यावा, आणि डलासकडून २४ एप्रिलपर्यंत पोच आली नाही तरच. तोही नाही जमला तर ४ मेच्या आधी परतणं बरं. मुदत ओलांडून राहण्याचे डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर दिसतात.

अजून एक विचारणा त्याने ऑफर पक्की करण्याआधी करावी. एच-१बीची एकूण सहा वर्षं असतात आणि त्याची सहावी सप्टेंबर २०२७ मध्ये भरते. त्यापुढे राहायचं तर ग्रीन कार्डची पहिली पायरी, लेबर सर्टिफिकेशन, किमान ३६५ दिवस आधी दाखल झालेली असावी लागते, किंवा पुढची पायरी मंजूर असावी लागते. जुन्या कंपनीने त्याचं काहीच केलेलं नाही. म्हणजे डलासवाल्यांनी यंदाच्या सप्टेंबरच्या आत ते दाखल करायला हवं. तशी तयारी करायलाच काही महिने जातात. तोंडी ‘बघू’ चालणार नाही, ऑफरच्या पत्रात लिहून घ्यावं. मधल्या काळात भारतात घालवलेले दिवस सहा वर्षांतून वजा करून मागे मिळवता येतात, म्हणून त्याच्या प्रवासाच्या सगळ्या तारखा त्याने एका कागदावर मांडून ठेवाव्यात.

ताई, मामाचं म्हणाल, तर मला त्याची सल कळते. आपल्याकडे अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो आणि त्या जागी दुसरं कुणी बघवत नाही. पण तुमचे चुलत भाऊ परभणीतच आहेत असं भाऊ म्हणाला. त्यांच्यातल्या थोरल्याला उभं करा. ६ मेला परभणीत दुपारचा मुहूर्त असेल तर डलासला मध्यरात्र उलटून गेलेली असेल, तो जागा राहून फोनवर सगळं पाहील. भाचीला काय सांगायचं ते त्याने मला विचारलं, मी म्हणालो, तूच सांग, आईबापांमार्फत सांगू नकोस. आणि पाव्हण्यारावळ्यांत ‘मोठा झाला, आला नाही’ असा सूर निघाला तर तो तिथेच थांबवणं तुमच्या हातात आहे.

आज शनिवार आहे. त्याच्याकडे सकाळ झाली की फोन करा आणि एकच विचारा, सोमवारी एलसीए टाकणार असं वकिलाने लिहून दिलं का.